तिच्या फोटोखालची तीन चित्रं

मी लातूरला एका खासगी क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवतो. मूळचा नांदेडचा. क्लासची एक शाखा तिकडेही आहे, म्हणून आठवड्यातले दोन दिवस नांदेड, बाकीचे लातूर. डॉक्टर होण्यासाठी गावोगावची मुलं आमच्याकडे येतात, खोल्या करून राहतात, मेसचं जेवतात आणि दर रविवारी परीक्षा देतात. त्या परीक्षेचा निकाल विद्यार्थी-पालकांच्या ग्रुपवर टाकायचं काम माझ्याकडे होतं. कोणी दिलं नव्हतं, मीच हौसेनं घेतलं होतं. पहिल्या आलेल्या मुलाचा किंवा मुलीचा फोटो, खाली नाव, गाव, गुण, आणि त्याखाली रंगीत चित्रांची एक ओळ. ती ओळ सजवायला मला आवडायचं. माझी बायको म्हणायची, "अहो, तुम्ही निकाल लावताय की रुखवत मांडताय?"

आमच्याकडे ग्रुपवर अभिनंदन करायची एक रीत पडून गेली आहे. पहिला माणूस जे टाकतो तेच बाकीचे दाबून धरतात, कॉपी करतात आणि चिकटवतात. पहिल्यानं तीन गुलाब आणि जोडलेले हात टाकले, की खाली नुसते तीन गुलाब आणि जोडलेले हात, बोट दुखेस्तोवर. लग्नात अक्षतांची परात फिरते, आपण मूठभर उचलतो आणि वेळ झाली की उधळतो. हातात काय आलंय ते निरखून बघत कोणी बसत नाही.

मीही बघितलं नाही. हे सगळं त्याचंच आहे.

उन्हाळा लागायच्या आधीची गोष्ट. क्लासच्या ऑनलाइन पानावर एका मुलीच्या निकालाखाली पुढच्या बाकावरच्या मुलानं तीन चित्रं टाकली होती: औषधाची कॅप्सूल, राजम्याचा दाणा आणि लाल रंगात अधोरेखित केलेले शंभर. मुलगा देवणीकडचा, अबोल, वही स्वच्छ ठेवणारा. मला तो आवडायचा. मी ती चित्रं पाहिली आणि माझ्यातला जीवशास्त्राचा मास्तर खूश झाला. कॅप्सूल म्हणजे औषध. शंभर म्हणजे पैकीच्या पैकी. आणि राजमा? राजम्याचा आकार मूत्रपिंडासारखा असतो, हे तर मी दरवर्षी उत्सर्जनाच्या धड्यात सांगतो. म्हणजे पोरानं माझाच धडा चित्रात आणला! मी वर्गात मोठ्यानं कौतुक केलं. "आजपासून हा आपल्या बॅचचा शिक्का," असं म्हणालो. मागच्या दोन रांगा हसल्या. विनोदाच्या मानानं हसू फार मोठं होतं. मी त्यावर खूश होऊन अजून एकदा तेच बोललो.

पुढच्या रविवारी उमरीची एक मुलगी पहिली आली. तिचं हे दुसरं वर्ष. पहिल्या वर्षी थोडक्यात हुकलेली, म्हणून परत तयारी करणारी. वडील शेतकरी, हळद आणि सोयाबीन करणारे. घरातली शिकायला बाहेर पडलेली ही पहिलीच मुलगी. मी तिचा फोटो टाकला आणि खाली ती तीन चित्रं ओळीनं, तीनदा. पुढच्या रविवारी परत तीच पहिली आली. परत तेच. पालक धडाधड कॉपी करत गेले.

त्यानंतरच्या परीक्षेत ती खूप खाली घसरली. त्याच्या पुढच्या परीक्षेला आलीच नाही. मला वाटलं, आजारी असेल. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना ताण येतो, त्यावर दोन शब्द बोलावं, असं ठरवून मी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. आमच्या रसायनशास्त्राच्या मॅडम तिथे पेपर तपासत बसल्या होत्या. मुलगी आली, उभीच राहिली. मी म्हणालो, "बस की. काय झालं? घरची आठवण येतेय का?"

ती म्हणाली, "सर, एक विचारू का? खरं सांगाल?"

"विचार."

"तुम्ही त्यांच्यात आहात का?"

"कुणाच्यात?"

तिनं फोन माझ्यापुढे धरला. एका अॅपवरच्या बंद ग्रुपचा स्क्रीनशॉट होता, कुणीतरी तिला पाठवलेला. त्यात मी रविवारी टाकलेली पोस्ट होती, जशीच्या तशी. तिचा फोटो, उमरी, गुण, खाली माझी तीन चित्रं. आणि त्यावर कोणीतरी लिहिलं होतं: "सर पण आपलेच." खाली तिच्या चेहऱ्याबद्दल, रंगाबद्दल, चालण्याबद्दल जे लिहिलं होतं ते मी इथे उतरवत नाही. ते वाचताना मला आधी भाषा कळेना. मराठीच होती. पण ती सोळा-सतरा-अठरा वर्षांच्या, रोज 'गुड मॉर्निंग सर' म्हणणाऱ्या पोरांची असेल, हे डोक्यात शिरेना.

"ही चित्रं," मी म्हणालो, "ही तर औषधाची... म्हणजे डॉक्टर..."

"सर, कॅप्सूल म्हणजे डॉक्टर न्हाई." ती शांतपणे सांगत होती, जसं आपण एखाद्या लहान मुलाला सांगतो. "मोबाइलवरच्या इंग्लिश रीलमधी अशी माणसं हायत. ते म्हणतात, ही गोळी घेतली की बायका कशा असतात ते 'खरं' दिसायला लागतं. सगळ्या लबाड, सगळ्या मतलबी. आणि शंभर म्हणजे त्यांचा एक हिशोब हाय, की शंभरातल्या ऐंशी पोरी वीसच पोरांच्या मागं असतात, म्हणून बाकीच्यांवर अन्याय होतो. आणि हा दाणा, ज्यांना कुणी पोरगी भाव देत न्हाई असं ते म्हणतात, त्यांची खूण. बाहेरून आलं ते सगळं. आमच्या पोरांनी त्यात त्यांचं घातलं. ज्या पोरीच्या फोटोखाली ही तिन्ही एकत्र लावतील, तिला खाली आणायचं. मग अनोळखी अकाउंटवरून मेसेज चालू होतात."

"किती मुलींना?"

"माझ्याआधी दोघींना. एक गेली क्लास सोडून. तुम्हाला वाटलं तिला लातूरचं पाणी मानवलं न्हाई."

मला खरंच तसं वाटलं होतं. मी त्या सोडून गेलेल्या मुलीच्या वडिलांना फोनवर म्हणालोही होतो, पाणी उकळून द्या.

रसायनशास्त्राच्या मॅडमनी पेन खाली ठेवलं होतं. मी म्हणालो, "बाळा, मला काहीच माहीत नव्हतं. शपथ."

"मला आता कळलं ते," ती म्हणाली. "पण त्यांना वाटतं तुम्हाला माहीत हाय. म्हणून तर भीती गेली त्यांची. आधी लपून करायचे." मग तिनं फोनवर अजून एक काहीतरी उघडलं. "आणि हे बघा."

ते तिच्या वडिलांचं स्टेटस होतं. लेकीचा फोटो. त्याखाली कॅप्सूल, राजमा, शंभर. कॅप्सूल, राजमा, शंभर. मी ग्रुपवर टाकलेली ओळ त्यांनी दाबून धरली, कॉपी केली आणि चिकटवली होती. त्याखाली गावाकडच्या ग्रुपचा स्क्रीनशॉट: काका, मामा, सोसायटीचे चेअरमन, शाळेतले जुने गुरुजी, सगळ्यांनी तीच ओळ. अख्ख्या उमरीनं तिच्या फोटोवर ती खूण ठोकली होती. प्रेमानं, अभिमानानं.

"पोरांनी हे बी टाकलंय तिकडं," ती म्हणाली. "बाप बी म्हणतोय म्हणून."

आयुष्यात मी खोटं बोललोय, आळस केलाय, रागाच्या भरात मुलांना टाकून बोललोय. पण माझ्या बोटांनी असं काही होईल, हसतहसत, कौतुक करताकरता, हे मला कधी सुचलंही नसतं. मी म्हणालो, आत्ताच्या आत्ता तुझ्या वडिलांना फोन करतो.

"थांबा." पहिल्यांदाच तिचा आवाज हलला. "पप्पाला कळलं तर ते मला घेऊन जातील. एक वर्ष वाया गेलं म्हणून आधीच सगळे म्हणतायत, पोरीला कामून एवढं शिकवायचं. आणि न्हाई सांगितलं तर ते रोज हेच टाकतील. मला एक दिवस द्या. मी विचार करते."

मी दिला. त्या दिवसात मला सुचेल ते करत सुटलो. आधी माझ्या पोस्ट खोडायला गेलो. ती आली नाही म्हणून तिला हुरूप यावा असं वाटून परवाच परत टाकलेली एक तेवढी जेमतेम सगळ्यांसाठी पुसता आली, जुन्या पुसायची मुदत उलटून गेलेली. त्या नुसत्या माझ्या फोनवरून गेल्या, बाकीच्यांकडे तशाच राहिल्या. आणि पुसली तरी काय, ज्यांनी पुढं धाडली होती त्यांच्याकडे ती होतीच. तेवढ्यात उमरीहून तिच्या वडिलांचा फोन.

"सर, नमस्कार. ते पोरीचं अभिनंदन उडालं बगा तुमचं ग्रुपवरून. चुकून डिलीट झालं वाटतं."

"हो, म्हणजे... असू द्या."

"असू द्या कसं? म्या जपून ठेवलं व्हतं. टाकलं परत. काळजी करू नका."

मी ग्रुप उघडला. त्यांनी खरंच परत टाकलं होतं. माझ्या डोळ्यांदेखत खाली लोकांची तीच ओळ पडायला लागली. कॅप्सूल, राजमा, शंभर. थांबा म्हणायचं, तर का म्हणून? कारण सांगितलं तर ती मुलगी उद्या घरी. न सांगितलं तर हे असंच. शेवटी मी ग्रुपवर फक्त अॅडमिनलाच लिहिता येईल असं करून टाकलं आणि त्यांची पोस्ट पुसली. त्यावर पालकांचे फोन आले, सर, आमचं काही चुकलं का?

तो देवणीकडचा मुलगा दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटला. मी त्याला बाजूला घेतलं. माझ्या आवाजात चीड असेल असं मला वाटत होतं, पण निघाला तो विनवणीचा आवाज. "तू का टाकलीस ती चित्रं?"

तो म्हणाला, "सर, मी पहिल्यांदा टाकलं तव्हा मला भ्या वाटलं व्हतं. वाटलं, तुम्ही बोलवून हाणाल. तुम्ही तर वर्गात शिक्का म्हणलात." मग म्हणाला, "आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत हाय."

"आणि तिनं तुझं काय वाईट केलं होतं?"

"काही न्हाई. ती पुढं असायची."

एवढंच. मला वाटलं होतं, असं काही करणाऱ्याच्या डोळ्यात वेगळं काहीतरी दिसत असेल. त्याच्या डोळ्यात नुसतं जागरण होतं, दुसरं काही नव्हतं. ते रील बघूनबघून त्याला पटलं होतं की आपण मागे राहतो ते कुणीतरी पुढं असल्यामुळे. मी त्याला माफ केलं असं नाही. पण त्याच्याकडे बोट दाखवायला माझा हात उचलेना.

संध्याकाळी ती मुलगी आली आणि म्हणाली, "पप्पाला सांगायचंय. पण फोनवर न्हाई, आणि मी न्हाई. तुम्ही जा. तुम्ही लावलंय, तुम्ही सांगा."

दुसऱ्या दिवशी पहाटेच मी नांदेडला गेलो, तिथून जीपनं उमरीला. त्यांच्या अंगणात शिजवलेली हळद वाळत घातली होती, सगळीकडे तो दमट, मातकट वास. तिचे वडील पिवळ्याधमक हातांनी हळकुंडं पसरवत होते. मला बघून धावत आले. "अरे, सर! सांगून तर यायचं! अगं, च्या टाक. पोरीचे सर आले." मला बाजेवर बसवलं. उशी दिली. प्रत्येक गोष्टीनं मी अजून लहान होत गेलो.

चहा पिऊन झाल्यावर मी सांगितलं. फोन काढून चित्रं दाखवली. ते म्हणाले, "ही तर गोळी हाय. डाक्टर व्हनार म्हणून."

"हाव. मलाही तेच वाटलं."

"मंग?"

मी पुढचं सांगत गेलो. कुठलीही मुलगी वडिलांना सांगू शकणार नाही असं जे होतं, ते मी सांगितलं, शक्य तितक्या साध्या शब्दांत. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तसंच राहिलं, जसं वीज गेल्यावरही पंखा थोडा वेळ फिरत राहतो. मग त्यांनी स्वतःचा फोन काढला आणि अंगठ्यानं मागे मागे जायला लागले. फोनच्या काचेवर हळद लागत होती.

"हे म्या टाकलं," ते म्हणाले. "हे बी. हे थोरल्या जावयानं. हे चेअरमननं... मीच त्याला म्हणलं व्हतं, टाक म्हणून. त्यानं टाकलं नव्हतं तर मला राग आलता." अंगठा थांबला. "सर, माझ्याच लेकराला म्या माझ्या हातानं?"

"तुमची चूक नाही. मी लावलं होतं."

"पोरगी कवापासून हे सहन करून राहिली?"

मी तिच्या गुणांवरून हिशोब लावला होता, तो सांगायची लाज वाटली.

ते उठले. बायकोला हाक मारली. "तिला फोन लाव. म्हणावं, ब्याग भर. उद्या येतो न्यायला."

मी म्हणालो, "असं करू नका. ती हुशार आहे, या वर्षी नक्की..."

"तुम्ही बोलू नका, सर." आवाज चढला नव्हता. "तुमचं ऐकूनच तर दुसऱ्यांदा धाडली व्हती."

फोन लागला. त्यांनी स्पीकरवर टाकला, कारण हात भरलेले होते. "माय, सर आलेत इथं. सगळं सांगितलं. उद्या येतो, सामान बांध."

मग ती म्हणाली, "मी येत न्हाई, पप्पा."

"आता हट्ट नको."

"हट्ट न्हाई. मी घरी आले की त्यांचं काम झालं. त्यांना तेच पाहिजे. एक गेली तशीच मी बी गेले म्हणतील, आणि मग अजून एकीच्या फोटोखाली लावतील. मी काय चोरी केली?"

"मंग मी काय करू ते सांग!" ते जवळजवळ ओरडले, आणि माझ्याकडे पाठ केली.

"या तुम्ही. पण मला न्यायला न्हाई. माझ्याबरोबर ठाण्यात यायला या. एकटी गेले तर विचारतील, बरोबर कोण हाय."

फोन तसाच चालू ठेवून ते खाली बसले, हळदीच्या कडेला, आणि हळकुंडं उगाच इकडची तिकडे करत राहिले. त्यांची बायको दारात उभी होती. तीच म्हणाली, "येतेत गं ते. जेवलीस का?"

दुसऱ्या दिवशी लातूरला सायबर पोलिसांकडे आम्ही तिघं गेलो. आदल्या संध्याकाळी उमरीहून परतल्यावर मी सगळं संचालकांच्या कानावर घातलं होतं. "पोरांचं आयुष्य आहे, क्लासचं नाव आहे, बसून मिटवू," असं त्यांचं म्हणणं. वर त्यांनी एक पोस्टर करून ठेवलं होतं, सगळ्या पालकांना पाठवायला: 'पालकांनो सावधान', आणि खाली नेटवरून उचललेली गुप्त चित्रांची लांबलचक यादी. मला ते बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. काहीतरी केल्यासारखं वाटेल म्हणून मी ते फोनमध्ये घेऊन ठाण्यात गेलो आणि तिथल्या महिला अधिकाऱ्यांना दाखवलं.

त्यांनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "सर, हे पाठवू नका. ज्या पोरांना माहीत नाही त्यांना आयती शिकवणी होईल. आणि उद्या एखाद्या मुलीनं मैत्रिणीला शंभर टाकले तर तिची आई तिचा फोन फोडेल. हे अर्थ महिन्या-दोन महिन्यात बदलतात. एका गटात एक, दुसऱ्यात दुसराच. बहुतेक लोक शंभर टाकतात ते शंभरच असतात."

"मग ओळखायचं कसं?"

"चित्र एकटं गुन्हेगार नसतं. ते कुणाकडून आलं, कुणाच्या फोटोखाली लागलं, त्याच्या शेजारी काय लिहिलंय, ते बघायचं. पोरं हे वापरतात कारण शिवी लिहिली तर अॅप पकडू शकतं, राजमा कसा पकडणार? आणि मोठ्यांना कळत नाही. जे कळत नाही ते पुढं पाठवायचं नाही, एवढंच. आधी विचारायचं. सगळ्यात सोपं म्हणजे ज्यानं टाकलं त्यालाच विचारायचं, बाबा, याचा अर्थ काय? तुम्ही विचारलं असतं तर तो गडबडला असता."

मी विचारलं नव्हतं. स्वतःच अर्थ लावला होता आणि त्याला शाबासकी दिली होती.

त्यांनी मुलीकडून सगळं घेतलं. कोणत्या अकाउंटवरून काय आलं, तिनं काही पुसलंय का. तिनं काहीच पुसलं नव्हतं. "शहाणी आहेस," त्या म्हणाल्या. "उत्तर दिलंस का?" नाही. "ते तर अजूनच शहाणपणाचं. आता हे कुणाला दाखवत फिरू नकोस, मैत्रिणींना सुद्धा नको. आमच्याकडे दिलंस, तेवढं बास."

तिच्या वडिलांनी विचारलं, "म्याडम, मंग आता लेकीचं कवतिक करायचंच न्हाई का?"

अधिकारी हसल्या. "करा की, काका! गुलाब टाका, काय पाहिजे ते टाका. पण दुसऱ्यानं टाकलेली ओळ उचलून नको. लेक तुमची, शब्दही तुमचेच असू द्या."

"मला न्हाई येत एवढं लिवायला."

"मग बोला. आवाज पाठवा. आवाजाची कॉपी करून कोण चिकटवणार?"

पुढचे काही दिवस त्यांनी एक काम केलं, ते मला त्यांच्याकडूनच कळलं. ज्यांनी ज्यांनी ती ओळ पुढे पाठवली होती त्यांना एकेकाला फोन करून काढायला लावलं. कारण सांगितलं नाही. कुणी फार विचारलं तर म्हणाले, "माझी लेक म्हणते म्हणून काढ." चेअरमननं कुरकुर केली म्हणे, एवढं काय त्यात. त्यांनी त्याच्या घरी जाऊन समोर बसून काढायला लावलं. तरी मला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे, कुठेतरी ते असेलच. एखाद्या मामाच्या फोनमध्ये, एखाद्या ग्रुपच्या तळाशी.

क्लासनं दोन मुलांना काढलं. बाकीच्यांच्या पालकांना ठाण्यात बोलावलं गेलं, तपास अजून चालू आहे. देवणीकडच्या मुलानं त्या बंद ग्रुपमधलं त्याच्याकडचं सगळं स्वतःहून पोलिसांना दिलं. त्याचा बाप माझ्यापुढे रडला. मी त्याला पाणी दिलं, आणि पाणी देताना मला वाटलं, याच्या जागी मी उभा असायला हवा होतो.

मी वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं. तिचं नाव न घेता, एवढंच की एक खूण मी न समजता तुमच्यासमोर मिरवली, तिचा अर्थ घाण होता, तो ज्यांना माहीत होता त्यांना मी त्या दिवशी बळ दिलं, आणि त्याबद्दल मी ज्यांचा अपराधी आहे त्या या खोलीत आहेत. कुणी हसलं नाही. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "सर, आम्हाला बी माहीत नव्हतं, आम्ही बी टाकलंय." त्याच्या आवाजावरून तो खरं बोलत होता. हे सगळ्यात भयंकर वाटलं मला. मागच्या दोन रांगा हसल्या होत्या, पण त्यातल्या कितीजणांना माहीत होतं आणि कितीजण शेजारचा हसला म्हणून हसले, ते मला कधीच कळणार नाही.

मग मी राजीनामा लिहिला. मला ते योग्य वाटत होतं, थोडं हलकंही वाटत होतं. संचालकांकडे देण्याआधी तिला सांगावं म्हणून तास संपल्यावर तिला थांबवलं. रसायनशास्त्राच्या मॅडमना मुद्दाम बरोबर घेतलं होतं.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "कधीपासून सोडणार?"

"या महिन्याअखेर."

"परीक्षेच्या आधी?"

"हो."

"म्हणजे जीवशास्त्र अर्ध्यात." तिनं पिशवीचा पट्टा खांद्यावर नीट केला. "सर, तुम्ही गेलात तर काय म्हणतील माहीत हाय का? हिच्यामुळं सर गेले. आजवर तुम्ही त्यांचे होतात म्हणाले, आता म्हणतील हिनं घालवले. ते बी माझ्याच फोटोखाली येईल."

मला हे सुचलंच नव्हतं. मी पुन्हा एकदा माझाच अर्थ लावून मोकळा झालो होतो.

"तुम्हाला बरं वाटावं म्हणून जाऊन राहिले तुम्ही," ती म्हणाली. रागानं नाही, दमलेल्या आवाजात. "मला रोज इथं यावं लागतं. तुम्ही बी या."

मॅडम खिडकीकडे बघत होत्या. मी कागद खिशात घातला.

परीक्षा अजून व्हायची आहे. ती रोज येते, तिसऱ्या रांगेत बसते. तिचे वडील एकदा येऊन क्लासच्या पायऱ्यांवर बसून गेले, मला नमस्कार न करता. मी शिकवताना ती फळ्याकडे बघते, माझ्याकडे नाही. काल तिनं हात वर करून एक शंका विचारली. उत्तर मला लगेच आलं नाही. मी म्हणालो, "बघून सांगतो." ती म्हणाली, "हाव, नीट बघून सांगा," आणि वहीत ती जागा कोरी ठेवून पुढचं लिहायला लागली.